जेवणापासून भांडी होईपर्यंत

मंगळवार, ४ जून

मिस्त्री,

काल तुझा फोन आला तेव्हा मी घरातच होते. "ती बाहेर गेलीय" असं आईंना मीच सांगायला लावलं. तुझ्या आईला खोटं बोलता येत नाही, त्यामुळे तुला ते कळलंच असेल. यापुढेही मी फोनवर येणार नाही. भांडण फोनवरून झालंय आणि ते फोनवरच मिटवायचं, एवढं माझं डोकं अजून फिरलेलं नाही. शिवाय तुझं "हं" मला ओळखू येतं. ऐकतानाचं "हं" वेगळं आणि अंगठा चालू असतानाचं "हं" वेगळं. म्हणून हे पत्र. हे कितीही वर सरकवलंस तरी खालून नवीन काही येणार नाही.

त्या संध्याकाळबद्दल आधी बोलते. हो, तुझा फोन मी प्लास्टरमध्ये घातला. गॅलरीतल्या माझ्या टेबलावर कवळीचा साचा ओतायला प्लास्टर कालवून ठेवलं होतं, तू हात धुवायला उठलास आणि मी तो उचलून वाडग्यात दाबून बसवला. प्लास्टर आळताना गरम होतं. तू वाडग्याला हात लावून पाहिलास. हातोडी आणलीस, फरशीवर बसलास आणि फोडत राहिलास. आतून फोन मेलेलाच निघाला. त्या वेळी तुझी ड्युटी होती, आणि पलीकडच्या गल्लीतल्या इमारतीत एक म्हातारं जोडपं लिफ्टमध्ये अडकून बसलं होतं. तुझ्या साहेबांना स्वतः जावं लागलं. तुला मेमो मिळाला. त्या दोघांची मी घरी जाऊन माफी मागून आले, हे तुला कुणी सांगितलं नसेल. आजी म्हणाल्या, "अगं, आम्ही दोघं इतका वेळ एका जागी बसलोय असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं."

त्यांची माफी मागितली. तुझी मागणार नाही.

कारण त्या संध्याकाळी मी तुला सांगत होते की डॉक्टरांनी फोन करून, स्पीकरवर, अख्ख्या लॅबसमोर मला झापलं. एका बाईंची कवळी बसली नाही. त्या शिक्षिका होत्या, आता त्यांना "स" म्हणता येत नाही, आणि डॉक्टर म्हणाले की हा लॅबचा हलगर्जीपणा आहे. ठसाच वाकडा आला होता, मिस्त्री. बारा वर्षांत मला असं कुणी बोललेलं नाही. मी हे सांगत होते आणि तू स्क्रीनवरून नजर न उचलता म्हणालास, "मस्त."

मस्त. मी रडायच्या बेतात आणि तू मस्त.

तू नेहमी असंच करतोस. तुला माझी काही पडलेलीच नाही. तू कधीच ऐकत नाहीस. घरात येतोस, पण येत नाहीस. मला वाटतं तुला बायको नको होती, चार्जर हवा होता. आणि हे सगळं झाल्यावर जरा घरात थांबून बोलशील, तर साहेबांकडे जाऊन ती लांबची साइट मागून घेतलीस. उंच इमारती, नव्या लिफ्ट, आणि आमची तोंडं बघायला नकोत. आता आईंकडून कळतं की तिथेच दोन वर्षं राहायचा कागद आलाय आणि जुलै संपायच्या आत सही करायची आहे. मला तू ते सांगितलंही नाहीस. एकाच घरात माणूस नसल्यासारखं राहायची दोघांनाही सवय आहेच म्हणा, तू तिकडे गेलास तर फरक काय पडेल, असं तुला वाटत असणार.

उत्तर दे. पोस्टाने.

दातवाली


गुरुवार, १३ जून

मिस्त्री,

पार्सल मिळालं.

मला आधी वाटलं की तुझा जुना शर्ट वगैरे असेल. फोडलं तर नवा कोरा फोन. आणि त्यावर तुझ्या अक्षरात चिठ्ठी: "तुझा स्लो झालाय. हा घे म्हणजे संध्याकाळी तुलाही करमेल."

आई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "ह्याला लहानपणी मी डोक्यावर पाडलं नव्हतं गं. शप्पथ." मी हसले नाही. आत जाऊन तो फोन कपाटात गाद्यांच्या खाली कोंबला आणि उशीत तोंड घालून तुला असल्या शिव्या दिल्या की मला माहीत नव्हतं मला त्या येतात.

मला करमत नाही म्हणून मी तुझा फोन प्लास्टरमध्ये घातला, असं तुला वाटलं? तू लिफ्ट दुरुस्त करतोस. तक्रार आली, पार्ट बदलला, तक्रार बंद. बायको चिडली, पार्ट पाठवला. मी पार्ट मागितला नव्हता.

आणि सोबतचं तुझं पत्र. दोन पानं, त्यातलं दीड पान माझ्या पत्रातल्या "नेहमी" आणि "कधीच" यांवर. माझ्या वाढदिवसाला तू फोन बंद करून ठेवला होतास. आईंच्या ऑपरेशनच्या वेळी तू रात्रभर माझ्याशी बोलत बसला होतास. मागच्या हिवाळ्यात वीज गेली तेव्हा आपण पत्ते खेळलो. म्हणजे "नेहमी" खोटं, म्हणजे मी खोटारडी, म्हणजे विषय संपला. वकील हो तू, लिफ्ट सोड. पण मिस्त्री, मी काय सांगत होते त्याचं या दीड पानात काहीच नाही. "मस्त"चं काहीच नाही. मी तुला पकडायला दोन शब्द दिले आणि तू तेवढेच पकडून बसलास.

आईंना मी सांगितलं की मला आता लिहायचंच नाही. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "तुझे सासरे वर्तमानपत्रात राहायचे. जेवायला तेवढे बाहेर यायचे, तेही मी ओरडल्यावर."

"मग तुम्ही काय केलंत?"

"ओरडत राहिले. तीस वर्षं."

"सुधारले का?"

"ऐकू कमी यायला लागलं त्यांना," त्या म्हणाल्या आणि भाजी घेऊन आत गेल्या.

मला तीस वर्षं ओरडायचं नाही. पण गोड बोलायचंही नाही, हे लक्षात ठेव. सगळे मला तेच सांगतात. माझी बहीण म्हणते, त्याला टोचेल असं बोलू नकोस. लॅबमधल्या मैत्रिणी म्हणतात, पुरुषांना शांतपणे सांगावं लागतं. म्हणजे दुखावलेली मी, एकटी बोलणारी मी, आणि शब्द तोलून, फुंकर मारून, पिशवीत गुंडाळून द्यायचे तेही मीच. याचा मला तुझ्या फोनपेक्षा जास्त राग येतो.

दातवाली


बुधवार, १९ जून

मिस्त्री,

तुझं काही आलेलं नाही. माझ्या गेल्या पत्रानंतर मीही उत्तर दिलं नसतं, पण माझी गोष्ट वेगळी. तुला देता आलं असतं.

आज लॅबमध्ये एक गोष्ट झाली, ती सांगते. तू फोन बघत नाहीयेस हे धरून चालते.

त्याच डॉक्टरांकडून, त्याच शिक्षिकाबाईंचा पुन्हा ठसा आला. पुन्हा वाकडा. ठसा परत पाठवायचा तर सोबत चिठ्ठी लागते. आमच्या मालकांचा जुना नियम आहे, चिठ्ठीत कुणाचं चुकलं ते लिहायचं नाही. कुठे बसत नाही ते लिहायचं, आणि काय हवं ते लिहायचं. मी नवीन लागले तेव्हा एकदा "ठसा निष्काळजीपणे घेतलेला आहे" असं लिहिलं होतं. त्या डॉक्टरांनी लॅबच बदलली. त्यामुळे माझा हात आता आपोआप चालतो. मी लिहिलं: "उजवीकडची मागची कड ठशात आलेली नाही. या ठशावर कवळी केली तर बोलताना हलेल. त्या बाजूचा ठसा पुन्हा मिळाला तर पुढच्या गुरुवारपर्यंत काम देता येईल." डॉक्टरांचा दुपारी फोन आला. "बरोबर आहे, पेशंटला उद्या बोलावतो." इतकंच. ज्या माणसाने मला अख्ख्या लॅबसमोर झापलं, तो बरोबर आहे म्हणाला.

मी तिथेच स्टुलावर बसले आणि मला इतका संताप आला. त्या माणसाला मी इतकं नीट सांगू शकते, आणि तुला लिहायला बसले की "तुला बायको नको होती, चार्जर हवा होता." ते वाक्य चांगलं होतं हे मी अजूनही म्हणते. पण त्या वाक्यावर तू करणार काय होतास? त्यात कड कुठे बसत नाही ते नव्हतंच.

कवळी तोंडात बसवली की डॉक्टर निळा कागद चावायला देतात. जिथे दात उंच लागतो तिथे निळा ठिपका उमटतो आणि तेवढाच ठिपका घासायचा असतो. मी तुझे सगळे दात घासत सुटले होते.

हे मी मऊ होऊन लिहीत नाहीये. राग तेवढाच आहे. फक्त तो एका ठिपक्यावर आणायचा प्रयत्न करतेय आणि त्याला फार ताकद लागते, हे तुला कळावं.

तर आधी एक प्रश्न. "तू का असं करतोस" असं मी विचारणार नाही, कारण तसं विचारलं की तू आरोपीसारखा उभा राहतोस आणि मी न्यायाधीश होते. मला खरंच माहीत नाही म्हणून विचारते: घरी आल्यावर तू फोन हातात घेतोस तेव्हा तुला त्यातून काय मिळतं? मला हसू येणार नाही आणि मी ते तुझ्यावर उलटवणार नाही. जे लिहिशील ते वाचेन आणि दोन दिवस काही लिहिणार नाही. माझ्यासारखीला दोन दिवस म्हणजे काय, ते तुला माहीत आहे.

दातवाली


शनिवार, २९ जून

मिस्त्री,

तुझं पत्र बुधवारी आलं. दोन दिवसांचे मी तीन केले. आई म्हणाल्या, "घरात कुणी आजारी आहे का?"

तू लिहिलंस की दिवसभर शाफ्टमध्ये उभा असतोस, वरून दोर, खालून खड्डा, आणि खिशात फोन. रहिवाशांच्या ग्रुपवर कुणी नुसतं "लिफ्ट" एवढं लिहिलं तरी हातातलं सोडून बघावं लागतं, कारण ती कुरकुर आहे की आत कुणी अडकलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही. घरी आल्यावरही बोट आपोआप तिकडे जातं. ते एकदा बघून झालं की तू ते गंजलेली कुलुपं साफ करणाऱ्या माणसाचे व्हिडिओ लावतोस, कारण तो बोलत नाही. घासतो, तेल घालतो, कुलूप उघडतं. "तिथे कुणी मला काही विचारत नाही," असं तू लिहिलंस.

ते वाक्य वाचून मी पत्र भिंतीवर फेकलं. मग उचललं. मी तुला काही विचारते हाच त्रास असेल तर मग राहिलं काय, असं मनात आलं. पण वचन दिलं होतं की उलटवणार नाही, म्हणून नाही उलटवत. एवढंच म्हणते की मला ते लागलं, आणि तू खरं लिहिलंस ते बरं केलंस. मला वाटत होतं तू तिथे कुणा हसऱ्या, हुशार, माझ्यापेक्षा बऱ्या माणसांत असतोस. कुलपांनी मला हरवलं हे मला आता महिनाभर पचणार नाही.

आता माझं मागणं. हे मी चार वेळा लिहिलं. पहिल्या तीन कागदांत टोमणे आपोआप शिरले होते. टोमणा हा आरोपच असतो, फक्त हसरा, हे तुला नाही, मलाच सांगतेय.

जेवायला बसल्यावर मी काही सांगत असते आणि तू फोन उचलतोस, तेव्हा माझं वाक्य मध्येच तुटतं. ते मी पुन्हा सुरू करत नाही. मला एकटं वाटतं, आणि मग त्या एकटेपणाची लाज वाटते, कारण तू समोरच बसलेला असतोस. लाज वाटली की मी चिडते. तुला दिसतं ते चिडणं. आधीचं दिसत नाही.

मला हवंय ते असं: जेवायला बसल्यापासून भांडी होईपर्यंत आपले दोघांचे फोन दुसऱ्या खोलीत राहावेत. तुझा आणि माझाही. बहिणीचे मला त्याच वेळी येणारे व्हिडिओ कॉल मीही घेणार नाही, तिला मी कालच सांगितलंय. ती रुसली आहे.

त्याच्या आधी, तू घरी आल्यावर, तुला हवा तेवढा वेळ फोन घे, कुलुपं बघ, गच्चीत जाऊन बस. त्या वेळात मी काही विचारणार नाही, आल्या आल्या दारात दिवसभराचं सुरू करणार नाही. तू जेवायला ये म्हणजे झालं.

ड्युटी असेल तेव्हा फोन जवळ ठेवायलाच हवा, त्यावर वाद नाही. त्या म्हाताऱ्या जोडप्याचे चेहरे मी विसरलेले नाही. पण ग्रुपचा आवाज बंद आणि फक्त तुझ्या कंट्रोल रूमच्या नंबरची रिंग चालू, असं करता येतं ना? तू मला एकदा सांगितलं होतंस की खरं कुणी अडकलं तर तिथूनच फोन येतो. वाजला तर घे. फक्त उचलताना "कामाचा आहे, येतो" एवढं मोठ्याने म्हण. म्हटलंस की मला कळतं तू कुठे गेलास. न बोलता गेलास की मला वाटतं माझ्यापासून गेलास.

मी तुझा फोन पुन्हा उचलणार नाही, लपवणार नाही, त्यात डोकावणार नाही. ठेवायचा असेल तर तुझ्या हाताने ठेव. आणि हे कायमचं म्हणत नाही. शुक्रवारी तू तीन दिवसांसाठी येतोयस असं आई म्हणाल्या. तेवढे तीन दिवस करून बघू. जमलं नाही तर बसून बदलू.

नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. मागणं आहे. नाही म्हणालास तर मी भडकेन, ते वेगळं, पण ते मागणंच राहील. यायच्या आधी कळव. तू दारात उभा असताना हे बोलणं काढायला मला आवडणार नाही, आपल्याला दोघांनाही दारातली भांडणंच चांगली येतात.

दातवाली


मंगळवार, ९ जुलै

मिस्त्री,

काल तुझी बस सुटली आणि मी स्टँडवरून चालत घरी आले. बसमध्ये तू बोलायचं सोडून हात हलवत होतास, आणि दुसऱ्या हातात फोन होता. ते चालेल. बस आहे ती. लिहून ठेवलं म्हणजे माझ्या मनात साठत नाही.

शुक्रवारबद्दल मला अजूनही चीड आहे. तू पत्राला "हो, करून बघू" एवढंच उत्तर दिलंस आणि मी दोन दिवस हवेत होते. जेवायला बसलो. तुझा फोन आतल्या खोलीत, माझा त्याच्या शेजारी. आणि आपल्याला बोलायला काही नव्हतं. तू पाणी प्यायलास. मी पाणी प्यायले. आई म्हणाल्या, "मी जरा शेजारी जाऊन येते," आणि ताट घेऊनच गेल्या. यासाठी मी भांडले? या शांततेसाठी प्लास्टर, मेमो, पोस्टाची तिकिटं? मला तिथेच ओरडावंसं वाटलं की बोल, आता तरी बोल. नाही ओरडले. भांडी घासताना तू एक वाटी धुवून माझ्या हातात दिलीस, मी पुसली. तेवढीच संध्याकाळ झाली.

शनिवारी तू जेवणात मध्येच उठून आत गेलास आणि फोन घेऊन आलास. ड्युटी नव्हती. मी बोलले नाही, नुसतं बघितलं. मला वाटलं न बोलणं म्हणजे समजूतदारपणा. तू फोन टेबलावर आपटलास आणि म्हणालास, "हे असं बघण्यापेक्षा तू ओरड."

"काय बघितलं मी?"

"साहेब बघतात तसं. मेमो द्यायच्या आधी."

आणि मग तू बोलायला लागलास. मिस्त्री, इतकं तू मला लग्नानंतर एका दमात बोलला नव्हतास. तू म्हणालास की मी रोज संध्याकाळी तुला लॅबमधलं सांगते, डॉक्टर असं म्हणाले, मालक तसं म्हणाले, ती दुसरी माझं मेण वापरते, आणि तुला त्यातली प्रत्येक गोष्ट तक्रार वाटते. तक्रार आली की तुला जायला लागतं, दुरुस्त करायला लागतं. डॉक्टर दुरुस्त करता येत नाहीत. मालक दुरुस्त करता येत नाहीत. "मग मला कळत नाही मी कुठे बघू," तू म्हणालास. "मी खाली बघतो. खाली फोन असतो."

मला राग आला. अगदी खरं सांगते, तुझ्याबद्दल वाईट वाटायच्या आधी राग आला. बारा वर्षं मी एका मिस्त्रीला तक्रारी देत होते आणि त्याने कधी सांगितलं नाही की बाई, हे माझ्या हातात नाही. मी तुला कधी काही दुरुस्त करायला सांगितलं होतं? मला फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं की तो डॉक्टर गाढव आहे. मी हेच शब्द तुला म्हणाले, आणि तू म्हणालास, "एवढंच? एवढंच म्हणायचं होतं?" तुझ्या चेहऱ्यावर अशी सुटका होती की मला तुला एक लगावून द्यावीशी वाटली.

मग तू मागितलंस. तुझं मागणं माझ्या मागण्यापेक्षा बरं होतं, हे मी कबूल करणार नव्हते, पण करते. मी सुरू करायच्या आधी सांगायचं की नुसतं ऐक, का उपाय हवा. आणि तुझा हात चुकून फोनकडे गेला तर बघायचं नाही, नुसतं "मी अजून सांगतेय" असं म्हणायचं. ते मी मान्य केलं. आपण दोघं टेबलावर कोपरं ठेवून सौदा करावा तसे बसलो होतो, आणि आई परत येऊन दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भांडताय का?" आपण दोघंही एकदम "नाही" म्हणालो. त्यांना ते पटलं नाही.

आणि मग रविवार. मला हा रविवार तुला तुझाच सांगायचा आहे, कारण मला वाटतं तुला कळलंच नाही काय झालं.

मी म्हणाले, नुसतं ऐक. आणि त्या शिक्षिकाबाईंचं सांगायला लागले, की डॉक्टरांनी नवा ठसा पाठवला, मी कवळी पुन्हा केली, आणि त्या स्वतः लॅबमध्ये आल्या. मालकांनी मला बाहेर बोलावलं. बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तुझा फोन वाजला. कंट्रोल रूम. तू सुट्टीवर असलास तरी अडलं की ते तुलाच विचारतात. तू उठलास आणि मोठ्याने म्हणालास, "कामाचा आहे, येतो." तू जिन्यात जाऊन बोलत होतास, मला तुझा आवाज ऐकू येत होता, कुणालातरी दार जोर लावून उघडू नका, दोघंही मध्यभागी उभे राहा, असं सांगत होतास. मी माझं ताट बघत बसले. मनात म्हटलं, सोडून दे. आता हा परत येईल आणि म्हणेल, वाढ.

तू परत आलास, बसलास, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "मग? बाईंनी तोंड उघडलं, मग काय म्हणाल्या?"

मला पुढे बोलता येईना. तुला वाटलं मी चिडले, आणि तू विचारलंस, आता काय केलं मी. काही नाही केलंस. माझं वाक्य जिथे तुटलं होतं तिथून तू ते उचललंस, हे या घरात पहिल्यांदा झालं, एवढंच. मग मी तुला सांगितलं की त्या म्हणाल्या, "सकाळी सहा वाजता सरबत," आणि स्वतःच हसायला लागल्या, आणि तू जोरात म्हणालास, "तो डॉक्टर गाढव आहे." तो आता गाढव नव्हता रे, त्याने चूक सुधारली होती. पण मला चाललं.

तर आता सही. बसमध्ये चढताना तू म्हणालास, "कागदाचं बघतो काय ते." तू काय बघणार आहेस ते तुझं तू बघ. मला काय हवंय ते मी नीट सांगते. बाकी सगळं नीट सांगायला शिकले, तर हेही.

तीन संध्याकाळींनी बारा वर्षं भरून निघत नाहीत. मला अजून राग आहे, त्या "मस्त"चा, त्या पार्सलचा, न सांगता साइट मागून घेतल्याचा, आणि इतकी साधी गोष्ट मागायला मला इतकी पत्रं लिहायला लागली याचा. तो मी लपवणार नाही आणि गोडही करणार नाही. तू घरी आलास म्हणून तो जाईल असंही सांगत नाही. तू समोर असताना तो मला काढायचा आहे, कागदावर नाही.

मी चिडलेली आहे आणि मला तू संध्याकाळी घरी हवा आहेस. सही करू नकोस.

दातवाली